बिनजोखमीचा कागद नसला, तर रेषा कुठून निघते?

शेअर बाजारात किती जोखमीला किती मोबदला मिळायला हवा, या प्रश्नाचे सगळ्यात प्रसिद्ध उत्तर 1964 साली विल्यम शार्प यांनी दिले. जॉन लिंटनर आणि यान मोसिन यांनी पुढच्या दोन वर्षांत स्वतंत्रपणे तेच उत्तर गाठले. ‘कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल’ असे त्याचे लांबलचक नाव. वित्तशास्त्राचे विद्यार्थी त्याला कॅपएम म्हणतात. शार्प यांना 1990 साली मिळालेल्या नोबेलमागे मुख्यतः हेच काम होते.

या उत्तराचे चित्र काढायला एक सरळ रेषा पुरते. आडव्या अक्षावर बीटा असतो. बाजार एक टक्का हलला की तो शेअर सरासरी किती टक्के हलतो, हे बीटा सांगतो. उभ्या अक्षावर अपेक्षित परतावा असतो. रेषा उभ्या अक्षावर एका ठरावीक जागी सुरू होते आणि बीटा वाढेल तशी चढत जाते. हीच सिक्युरिटी मार्केट लाइन. तिची सुरुवातीची जागा म्हणजे बिनजोखमीचा व्याजदर, आणि तिचा चढ म्हणजे संपूर्ण बाजाराचा परतावा त्या व्याजदरापेक्षा जेवढा जास्त तेवढा. बीटा शून्य असेल तर फक्त व्याज मिळेल. बीटा एक असेल तर बाजाराइतका परतावा मिळेल.

या मांडणीत एक गृहीतक असे आहे की ते वाचताना सहज नजरेतून निसटते. प्रत्येक गुंतवणूकदार एकाच बिनजोखमीच्या दराने हवे तेवढे पैसे ठेवू शकतो, आणि त्याच दराने हवे तेवढे कर्जही काढू शकतो, असे ते गृहीतक. यातला पहिला अर्धा भाग जवळपास खरा मानता येतो. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून 2021 पासून सामान्य माणसालाही सरकारी ट्रेझरी बिल थेट घेता येते. दुसरा अर्धा भाग मात्र कोणाच्याच अनुभवात बसत नाही. सरकार ज्या दराने कर्ज उचलते, त्या दराने शेअर घेण्यासाठी तुम्हाआम्हाला कोणी कर्ज देत नाही. शिवाय महागाई लक्षात घेतली तर ट्रेझरी बिलही पूर्ण बिनजोखमीचे उरत नाही. बिल रुपयांची हमी देते, त्या रुपयांत काय विकत मिळेल याची नाही. 1974 साली अमेरिकेत महागाई 11 टक्क्यांच्या आसपास गेली आणि तिथल्या ट्रेझरी बिलाचे व्याज तिच्या बरेच खाली राहिले.

मग बिनजोखमीचा कागदच नाही असे धरले, तर ही रेषा उरते का? आणि उरली, तर कुठून निघते? फिशर ब्लॅक यांनी 1972 साली ‘जर्नल ऑफ बिझनेस’मधल्या एका लेखात याचे उत्तर दिले. ऑप्शनच्या सूत्रामुळे हे नाव पुढे जगभर गेले, पण शून्य-बीटाचा हा लेख त्या सूत्राच्या आदल्या वर्षीचा आहे. उत्तर थोडक्यात असे: रेषा उरते, सरळही राहते, फक्त तिची सुरुवातीची जागा आणि चढ बदलतो.

हे आकड्यांनी पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून बाजारात दोनच शेअर आहेत असे समजू. एक वीज कंपनी आणि एक पोलाद कंपनी. विजेचा अपेक्षित परतावा वर्षाला 8 टक्के, आणि त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 10 टक्के. पोलादाचा परतावा 14 टक्के, चढउतार 20 टक्के. दोघांच्या हालचालींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि बाजारातल्या एकूण पैशांपैकी निम्मे विजेत, निम्मे पोलादात आहेत. म्हणजे संपूर्ण बाजाराचा अपेक्षित परतावा 11 टक्के झाला, आणि चढउतार सुमारे 11.2 टक्के. बीटा काढला तर विजेचा 0.4 येतो आणि पोलादाचा 1.6.

आता अशी जुळणी शोधायची की जिचा बीटा नेमका शून्य होईल. पोलादाचा बीटा विजेच्या चौपट आहे. तेव्हा चार लाखांची वीज घ्यायची आणि एक लाखाचे पोलाद शॉर्ट करायचे, म्हणजे उसने घेऊन विकायचे. विक्रीतून एक लाख आले, म्हणून खिशातले तीनच लाख लागले. बाजार वर गेला की वीज जेवढे कमावते तेवढेच शॉर्ट केलेले पोलाद सरासरीने गमावते; बाजार खाली आला की याच्या उलट. बाजाराशी असलेले नाते पूर्ण पुसले गेले. वर्षाअखेरीची अपेक्षा काय? विजेवर 32,000 रुपये मिळणार, पोलादापायी 14,000 जाणार. उरलेले 18,000 तीन लाखांवर म्हणजे 6 टक्के.

हा झाला शून्य-बीटा पोर्टफोलिओ. त्याला बिनजोखमीचा समजण्याची चूक करू नये. याच उदाहरणात त्याचा चढउतार जवळपास 15 टक्के आहे, म्हणजे संपूर्ण बाजारापेक्षाही जास्त. त्याला शून्य-बीटा म्हणतात ते त्याची जोखीम बाजाराच्या दिशेने अजिबात जात नाही म्हणून. शिवाय केवळ हाच पोर्टफोलिओ घेऊन बसणे शहाणपणाचे नाही. 80 टक्के वीज आणि 20 टक्के पोलाद घेतले तर परतावा 9.2 टक्के मिळतो आणि चढउतार 9 टक्क्यांच्या आत राहतो. या दोन शेअरांतून याहून कमी चढउतार काढताच येत नाही. शून्य-बीटा पोर्टफोलिओ नेहमी या सर्वात कमी जोखमीच्या मिश्रणाच्या खाली, वक्राच्या तोट्याच्या फांदीवर असतो. त्याचे महत्त्व मोजमापाच्या खुणेचे आहे.

ही खूण कशी कामाला येते ते पाहा. 6 टक्क्यांपासून रेषा सुरू करा. बाजाराचा परतावा 11, म्हणून चढ 5 टक्के. विजेचा बीटा 0.4, तर 6 अधिक 2, म्हणजे 8. पोलादाचा बीटा 1.6, तर 6 अधिक 8, म्हणजे 14. दोन्ही शेअर नेमके रेषेवर बसले. 80-20 च्या त्या मिश्रणाचा बीटा 0.64 आहे, तेही 9.2 वर, रेषेवरच आहे. या सगळ्या हिशेबात बिनजोखमीचा दर कुठेही आलेला नाही. ब्लॅक यांचे सूत्र एवढेच आहे:

E(Ri) = E(Rz) + βi [E(Rm) − E(Rz)]

इथे Rz म्हणजे शून्य-बीटा पोर्टफोलिओचा परतावा आणि Rm म्हणजे बाजाराचा. शार्प यांच्या सूत्रात जिथे जिथे व्याजदर होता, तिथे तिथे Rz बसला आहे.

बिनजोखमीचा कागद काढून घेतल्यावरही रेषा सरळ का राहावी? ब्लॅक यांच्या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते, कारण मूळ मॉडेलमध्ये खरा भार कोणत्या खांबावर होता ते इथे कळते. शार्प यांच्या जगात भित्रा आणि धाडसी दोघेही शेअरांचा एकच संच घेतात. भित्रा त्यातले काही पैसे ट्रेझरी बिलात ठेवतो, धाडसी कर्ज काढून तोच संच अधिक घेतो. ब्लॅक यांच्या जगात ही सोय नाही, म्हणून त्यांचे संच वेगळे होतात. समजा भित्र्याने 75 टक्के वीज आणि 25 टक्के पोलाद घेतले, धाडस्याने बरोबर उलट. दोघांकडे सारखे पैसे असतील तर बेरीज पुन्हा निम्मी वीज, निम्मे पोलाद, म्हणजे बाजार. दोघांचेही संच आपापल्या जागी उत्तम आहेत: तेवढ्या जोखमीत त्यांहून जास्त परतावा कुठल्याच मिश्रणातून मिळत नाही. आणि शॉर्ट करण्यावर बंधन नसेल तर अशा उत्तम संचांची बेरीजही उत्तमच निघते, हे गणिताने सिद्ध होते. म्हणजे बाजार स्वतः एक उत्तम संच ठरतो.

संच उत्तम आहे याचा अर्थ असा की त्यात कुठलाही शेअर किंचित वाढवून किंवा कमी करून काही फायदा उरलेला नाही. एखादा शेअर बाजाराच्या जोखमीत जेवढी भर घालतो, त्याच्या प्रमाणातच त्याचा परतावा असला पाहिजे. तसा नसता, तर लोकांनी तो वाढवला किंवा काढला असता. ही जोखमीतली भर म्हणजेच बीटा. रेषेचा सरळपणा बाजाराच्या या उत्तमपणातून येतो. बिनजोखमीचा कागद फक्त रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते ते सांगत होता. तो नसेल तर ती जागा शून्य-बीटा पोर्टफोलिओ सांगतो.

आता व्यवहाराचा प्रश्न. समजा याच बाजारात ट्रेझरी बिल 4 टक्क्यांना मिळते, पैसे ठेवता येतात, पण त्या दराने कर्ज मिळत नाही. ब्लॅक यांनी आपल्या लेखात हाही प्रसंग सोडवला आहे. 4 टक्के धरून हिशेब केला तर बिलाबरोबर घेण्याजोगा सर्वोत्तम संच सुमारे 62 टक्के वीज आणि 38 टक्के पोलाद असा येतो. भित्री माणसे हाच संच घेतात आणि उरलेले पैसे बिलात ठेवतात. धाडसी माणसाला याहून जास्त परतावा हवा आहे. कर्ज मिळाले असते तर त्याने हाच संच दुप्पट घेतला असता. ते मिळत नाही, म्हणून तो एकच वाट धरतो: विजेपासून सरकत पोलादाकडे जातो. ज्या शेअरच्या पोटातच जास्त चढउतार आहे, तोच त्याच्या कर्जाची उणीव भरून काढतो. अशी मागणी वाढली की पोलादाचा भाव चढतो आणि त्यातून पुढे मिळणारा परतावा, बीटाच्या मानाने, खाली येतो. विजेकडे कमी गिऱ्हाईक असते, तिचा भाव दबून राहतो, परतावा बीटाच्या मानाने जास्त राहतो. रेषा डावीकडे उचलली जाते आणि उजवीकडे दबते.

या प्रसंगात ट्रेझरी बिलाचा बीटा शून्य आहे, पण ते रेषेवर नाही. शेअरांची रेषा 6 पासून निघते आणि बिल तिच्या खाली, 4 वर, एकटे राहते. शून्य-बीटाचा दर बिलाच्या दरापेक्षा जास्त आणि बाजाराच्या परताव्यापेक्षा कमी असतो, हे या प्रसंगातून निघते. मायकेल ब्रेनन यांनी 1971 साली आणखी एक पायरी दाखवली. पैसे ठेवण्याचा दर वेगळा आणि कर्जाचा दर त्याहून जास्त असेल, तर शून्य-बीटाचा दर या दोन दरांच्या मध्ये पडतो. ही मर्यादा पुढे उपयोगी पडणार आहे.

हे लक्षात न घेता 4 टक्क्यांचा व्याजदर धरून जुन्या पद्धतीने हिशेब केला तर काय होते? बाजाराचा जादा परतावा 7 टक्के येतो. विजेचा ‘योग्य’ परतावा 4 अधिक 2.8, म्हणजे 6.8 टक्के, प्रत्यक्षात ती 8 देते. पोलादाचा ‘योग्य’ परतावा 15.2, प्रत्यक्षात ते 14 देते. विजेचे शेअर घेणारा फंड व्यवस्थापक वर्षाला 1.2 टक्क्यांनी हुशार दिसेल आणि पोलादाचे घेणारा तेवढ्यानेच कच्चा. दोघांनीही काहीच केलेले नाही. मोजपट्टीची सुरुवात चुकीच्या जागी धरली आहे. ही चूक आकड्यांवरून ओळखता येते. प्रत्येक शेअरचा हा फरक, ज्याला अल्फा म्हणतात, दोन दरांतला फरक गुणिले एक वजा बीटा इतकाच निघतो. इथे 2 गुणिले 0.6, म्हणजे 1.2, आणि 2 गुणिले उणे 0.6, म्हणजे उणे 1.2. कमी बीटाचे सगळे शेअर वर, जास्त बीटाचे सगळे खाली, आणि बीटा एक असेल तिथे फरक शून्य, अशी सरळ उतरण दिसली की शून्य-बीटाचा संशय घ्यायचा. खरे कौशल्य असे बीटाच्या क्रमाने रांगेत येत नाही.

हीच उतरण खऱ्या बाजारात दिसली होती. फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरच्या शेअरांची 1931 ते 1965 अशी 35 वर्षे तपासली आणि निष्कर्ष 1972 साली छापले. एकेका शेअरचा बीटा मोजताना चूक होतेच, आणि ती चूकच रेषा खोटी सपाट दाखवू शकते. म्हणून त्यांनी आधीच्या पाच वर्षांच्या बीटावरून शेअर क्रमाने लावले, त्यांचे दहा गट केले आणि पुढच्या वर्षीचा गटांचा परतावा मोजला. गटात चुका एकमेकींना बऱ्याच अंशी कापतात. गटांचे बीटा सुमारे 0.5 पासून 1.56 पर्यंत आले. शार्प यांचे मॉडेल खरे असते तर व्याजदर वजा केल्यावर रेषा शून्यातून निघायला हवी होती आणि तिचा चढ महिन्याला 1.42 टक्के असायला हवा होता. प्रत्यक्षात ती 0.36 टक्क्यांवरून निघाली आणि चढ 1.08 टक्केच होता. रेषा सरळ होती, पण तिचा उगम वर आणि चढ कमी. ब्लॅक यांच्या सूत्राला हे रूप अगदी जुळते.

याच समजुतीतून ब्लॅक आणि शोल्स यांनी वेल्स फार्गो बँकेसाठी एका फंडाची कल्पना मांडली: कमी बीटाचे शेअर घ्यायचे आणि कर्जाच्या जोरावर त्यांचा बीटा बाजाराइतका करायचा. ज्याला स्वतः कर्ज काढता येत नाही त्याच्यासाठी संस्था कर्ज काढते, एवढाच त्यातला विचार. तो फंड बाजारात आला नाही. चार दशकांनी, 2014 मध्ये, आंद्रेया फ्राझिनी आणि लासे पेडरसन यांनी अनेक देशांतल्या बाजारांवर याच तर्काचा सविस्तर अभ्यास छापला.

पण त्याच 35 वर्षांचे चार भाग करून पाहिले तर चित्र इतके नीट राहत नाही, आणि हे सांगितलेच पाहिजे. 1939 पर्यंतच्या पहिल्या भागात रेषा अपेक्षेपेक्षा जास्त चढी होती आणि शून्याच्या खालून निघत होती. 1957 ते 1965 या शेवटच्या भागात ती महिन्याला 1.02 टक्क्यांवरून निघून किंचित उतरतच गेली. पुढे युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी 1992 साली 1963 ते 1990 हा काळ तपासला, तेव्हा बीटा आणि परतावा यांच्यात जवळपास काहीच नाते उरले नव्हते.

ब्रेनन यांची मर्यादा इथे लागू पडते. रेषा पूर्ण सपाट असेल तर शून्य-बीटाचा दर बाजाराच्या परताव्याइतका झाला असे म्हणावे लागेल. पण तो मोठ्या संस्थांच्या कर्जाच्या दरापेक्षा जास्त असू शकत नाही. असता तर त्यांनी कर्ज काढून तो फायदा केव्हाच उचलला असता. म्हणून कंपनीचा भांडवली खर्च काढताना कोणी शून्य-बीटाचा अंदाज वापरत असेल, तर तो आकडा ट्रेझरी बिलाच्या वर आणि मोठ्या कर्जदारांच्या व्याजाच्या खाली आहे का, हे आधी पाहावे. त्या पट्ट्यात असेल तर कर्जबंदीचे स्पष्टीकरण चालते. बाहेर गेला असेल तर दुसरे कारण शोधावे लागते, किंवा बाजार म्हणून जो निर्देशांक धरला तोच अपुरा असावा. हा शेवटचा आक्षेप रिचर्ड रोल यांनी 1977 साली घेतला. खऱ्या बाजारात घरे, जमिनी, माणसांची पुढची कमाई हेही येते, आणि ते कोणत्याच निर्देशांकात नाही. बाजार बदलला की त्याचा शून्य-बीटा जोडीदारही बदलतो.

दुसरी अडचण शॉर्ट करण्याची. ब्लॅक यांच्या सिद्धतेत ते पूर्ण मोकळे हवे. आपल्याकडे शेअर हाती नसताना विकून मोकळे होण्याला सेबीची बंदी आहे. शेअर उसने घेण्याची अधिकृत सोय 2008 पासून आहे, पण ती ठरावीक शेअरांपुरती. शॉर्ट करताच येत नसेल तर भित्र्याच्या आणि धाडस्याच्या संचांची बेरीज उत्तम निघेलच असे नाही. कर्ज न मिळाल्याने रेषेचा पाया बदलला होता. शॉर्ट करणे बंद झाले, तर बाजाराच्या उत्तमपणाची हमीच जाते, आणि तिच्याबरोबर रेषेच्या सरळपणाचीही.